कागदी भिरभिरे, दहा स्लाइडमध्ये

इन्स्टाग्रामवर एकामागून एक सरकणाऱ्या चित्रांच्या पोस्टला कॅरोसेल म्हणतात. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा एका पोस्टमध्ये 10 चित्रे बसत, 2024 पासून 20 बसतात. मुलांच्या हस्तकलेला हा प्रकार फार मानवला, आणि त्याचे कारण साधे आहे. व्हिडिओ धावत असतो आणि मुलाचे दोन्ही हात कागदात अडकलेले असतात. घडी घालेपर्यंत व्हिडिओ पुढे निघून जातो, मग डिंकाच्या बोटांनी मागे न्यावा लागतो. स्लाइड मात्र थांबून राहते. घडी जमली की अंगठ्याने सरकवायची, नाही जमली तर तिथेच बघत बसायचे.

या प्रकरणात आपण एकच कॅरोसेल पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार करणार आहोत आणि त्यासाठी भिरभिरे निवडले आहे. जत्रेत बांबूच्या काठीला खोचून विकतात तेच, चार पाकळ्यांचे. भिरभिऱ्यात मोजमाप, घडी, कात्री आणि टाचणी असे सगळे येते, त्यामुळे साहित्याची स्लाइड, कृतीच्या स्लाइड आणि पालकांसाठीची सूचना या तिन्हींची खरी कसोटी लागते. शिवाय भिरभिरे एक तर फिरते, नाही तर फिरत नाही. मांडणीत काही राहून गेले असेल तर ते लगेच कळते.

आधी वाचक कोण ते ठरवू. इन्स्टाग्रामवर खाते उघडायला किमान 13 वर्षे वय लागते. भिरभिरे करायला बसणारे मूल 6 ते 9 वर्षांचे असते. म्हणजे पोस्ट पाहते आई, मावशी किंवा आजोबा, आणि ती मुलासमोर धरतात. एकाच स्लाइडकडे दोन जण पाहत असतात. मूल चित्र पाहते, मोठे माणूस अक्षरे वाचते. म्हणून चित्र मुलाला शब्दांशिवाय कळले पाहिजे आणि शब्द मोठ्यांना उपयोगी पडले पाहिजेत. चित्रातलेच शब्दात पुन्हा सांगण्यात जागा घालवू नये. ‘कोपरा मध्यावर आणा’ हे चित्रात दिसतेच; ‘घडी दाबू नका’ हे चित्रात दिसत नाही, ते लिहावे.

आता वस्तू नीट समजून घेऊ, कारण भिरभिरे का फिरते हे ठाऊक नसेल तर कोणत्या स्लाइडवर किती जोर द्यायचा ते ठरवता येत नाही.

चौरस कागदाच्या चारही कोपऱ्यांतून मध्याच्या दिशेने काप द्यायचे, पण मध्यापर्यंत न्यायचे नाहीत. त्यातून चार त्रिकोणी पाकळ्या होतात. प्रत्येक पाकळीला बाहेरच्या बाजूला दोन टोके असतात. त्यांतले एकच, आणि चारही पाकळ्यांचे एकाच बाजूचे टोक मध्यावर आणून अडकवायचे. पाकळी वाकते आणि तिचा एका बाजूने उघडा खिसा होतो. समोरून आलेला वारा त्या खिशात शिरतो आणि वाकलेल्या पृष्ठभागावरून बाजूला वळतो. वारा एका बाजूला वळला की पाकळी दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. चारही खिसे एकाच दिशेला उघडे असल्यामुळे चारही ढकलण्या एकमेकींना साथ देतात आणि चाक फिरते. एका पाकळीचे चुकीचे टोक उचलले गेले तर तिचा जोर उलटा लागतो आणि चाक जेमतेम डुगडुगते.

यातून तीन गोष्टी हाती लागतात. टोके एकाआड एक उचलली पाहिजेत. पाकळी वाकलेली राहिली पाहिजे. नखाने घडी दाबली की खिसा चपटा होतो आणि वारा नुसता वरून जातो. आणि मध्याचे भोक टाचणीपेक्षा थोडे मोठे हवे. बाकी सगळे, म्हणजे रंग, नक्षी आणि काठी, हौसेचे आहे. तेव्हा कॅरोसेलचा भर या तीन गोष्टींवर हवा.

पहिली स्लाइड मुखपृष्ठ. तयार भिरभिरे मुलाच्या हातात, मागे साधी भिंत. अक्षरे थोडीच: ‘कागदी भिरभिरे’, त्याखाली ‘वय 6 ते 9, अर्धा तास, एका ठिकाणी मोठ्यांचा हात लागेल’. हा शेवटचा तुकडा मुखपृष्ठावर असावा असा माझा आग्रह आहे. संध्याकाळी स्वयंपाक चुलीवर ठेवून मुलाला काहीतरी गुंतवायला शोधणाऱ्या आईला हे आधीच कळले पाहिजे, म्हणजे ती वेळ पाहून बसवेल. फोटोत मुलाचा चेहरा नको. हात दिसले की पुरे. हस्तकलेत पाहण्यासारखे हातच असतात, आणि दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे, गणवेश, शाळेचे नाव असले काही उघड्यावर टाकायची गरज पडत नाही.

दुसरी स्लाइड साहित्याची. ही स्लाइड बहुतेक जण घाईत उरकतात: सगळ्या वस्तू टेबलावर सुंदर पसरायच्या, वरून फोटो काढायचा, वर ‘साहित्य’ लिहायचे. पण घरातले माणूस ही स्लाइड हातात धरून कपाट आणि ड्रॉवर उघडत फिरते. त्याला तीन प्रश्न असतात: नेमके काय, किती, आणि ते नसेल तर त्याऐवजी काय. आपल्या भिरभिऱ्याची स्लाइड अशी लिहावी:

घोटीव कागद, एका बाजूने रंगीत, ए-फोर आकाराचा, 1. नसेल तर वहीच्या कव्हरपेक्षा पातळ कोणताही कागद.
खोडरबर लावलेली नवी पेन्सिल, टोक न काढलेली, 1.
गोल डोक्याची टाचणी, 1.
मणी, टाचणी सैल जाईल असा, 1.
जाड पुठ्ठ्याची नखाएवढी चकती, 1.
डिंक, पट्टी, बोथट टोकाची कात्री, साधारण 4 सेंमी रुंदीचे झाकण.
मोठ्यांसाठी: पक्कड आणि चिकटपट्टी.

यातल्या प्रत्येक ओळीमागे कारण आहे. घोटीव कागद एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असतो. घडी घालताना कोणती बाजू वर आहे ते मुलाला आणि फोटोतही चटकन कळते. दोन्हीकडून पांढरा कागद घेतला तर फोटोत घडी दिसतच नाही, पांढऱ्यावर पांढरी सावली नुसती. जाड कार्डपेपर घेतला तर पाकळी वाकण्याऐवजी मोडते. पतंगाचा कागद उलट इतका मऊ की खिसा उभाच राहत नाही.

आकाराचेही कारण आहे. ए-फोर कागद 21 सेंमी रुंद आणि 29.7 सेंमी उंच असतो. त्यातून मोठ्यात मोठा चौरस 21 सेंमीचा निघतो आणि मुलांना मोठेच भिरभिरे हवे असते. पण 21 सेंमीच्या चौरसाचा मध्यापासून कोपरा जवळजवळ 15 सेंमी लांब असतो. खोडरबरासकट नवी पेन्सिल असते 18-19 सेंमीची. म्हणजे पाकळीच्या टोकाखाली मुठीला जेमतेम चार सेंमी उरतात, पाकळ्या बोटांवर आपटतात आणि चाक थांबते. ए-फोरचा अर्धा करून घेतला तर चौरस 14.8 सेंमीचा होतो, कोपरा मध्यापासून साडेदहा सेंमीवर येतो आणि पकडायला आठ सेंमी मिळतात. शिवाय एका कागदात दोन भिरभिरी होतात, त्यामुळे पहिले बिघडले तरी रडारड होत नाही.

पेन्सिलीला टोक काढलेले नको, हे साहित्याच्या यादीतच लिहायचे. भिरभिरे हातात आले की मूल पळणार, ते पळण्यासाठीच केलेले असते. पळणाऱ्या मुलाच्या हातात टोकदार पेन्सिल असू नये. ‘भिरभिरे घेऊन पळू नये’ अशी सूचना लिहून काही साधत नाही. टोक न काढलेली पेन्सिल दिली की ते काम होते. ज्या धोक्याला वस्तू बदलून टाळता येते, त्यावर सूचनेचे शब्द खर्चू नयेत.

मग पालकांसाठीची सूचना. ही तिसरी स्लाइड.

ती शेवटी टाकायची पद्धत पडली आहे, कारण छापील पुस्तकात तळटीप शेवटी येते. पण कॅरोसेल ज्या क्रमाने सरकते त्याच क्रमाने मूल काम करते. दहाव्या स्लाइडवर ‘टाचणीची काळजी घ्या’ असे लिहिले असेल, तर आठव्या स्लाइडवरची टाचणी तोवर बोटात गेलेली असते. म्हणून सूचना साहित्यानंतर, कात्री हातात येण्याआधी हवी.

दुसरी गोष्ट तिच्या मजकुराची. ‘मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे’ हे वाक्य सगळीकडे असते आणि त्यातून कोणालाही काही कळत नाही. कशाची देखरेख? किती वेळ? शेजारी बसायचे, की खोलीत असले तरी चालेल? इतके मोघम सांगितले की पालक एक तर सगळे स्वतःच करून टाकतात आणि मूल बघत बसते, नाहीतर वाक्य वाचून न वाचल्यासारखे करतात. भिरभिऱ्यात खरे धोके मोजके आहेत आणि ते नावानिशी सांगता येतात. मी तिसरी स्लाइड अशी लिहीन:

मोठ्यांसाठी
स्लाइड 4 ते 7: मुलाला करू द्या, खोलीत असा. कात्री बोथट टोकाची द्या.
स्लाइड 8 आणि 9: टाचणी तुम्हीच लावा. तोवर ती तुमच्याकडे राहू द्या.
टाचणीचे बाहेर आलेले टोक पक्कडीने वाकवा, वर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या.
घरात 3 वर्षांखालचे बाळ असेल तर मणी नको, त्याजागी पुठ्ठ्याच्या दोन-तीन चकत्या एकमेकींना चिकटवून वापरा. भिरभिरे बाळाच्या हाती देऊ नका.

बाळाची ओळ का लागते ते सांगतो. खेळण्यांच्या सुरक्षेची मानके ठरवताना एक लहानसे नळकांडे वापरतात. त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो, साधारण दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. खेळण्याचा सुटा होणारा जो भाग त्या नळकांड्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. आपल्याकडे खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक आयएस 9873 आहे आणि बाजारातल्या खेळण्यांना ते 2021 पासून सक्तीचे झाले. घरी केलेल्या भिरभिऱ्याला ते लागू होत नाही, पण मोजपट्टी म्हणून ते उत्तम आहे. आपला मणी त्या नळकांड्यात सहज मावतो. सहा वर्षांच्या मुलीला त्याचा धोका नाही. ती खेळून दमली की भिरभिरे दिवाणावर पडते आणि तिथे तिचा दीड वर्षाचा भाऊ येतो. सूचना लिहिताना करणाऱ्या मुलाइतकाच त्या घरातला दुसरा जीवही डोळ्यांपुढे हवा.

आता कृतीच्या स्लाइड. इथे एक नियम पाळला तर बरेचसे काम होते: एका स्लाइडमध्ये कागदाचा एकच बदल. मागच्या स्लाइडवर कागद जसा दिसत होता तसाच मुलाच्या हातात आहे, नव्या स्लाइडवर तो जसा दिसतो तसा करायचा आहे. या दोहोंमधले अंतर एका हालचालीचे असावे. दहा चित्रांची मर्यादा होती तेव्हा दोन-दोन हालचाली एकात कोंबाव्या लागत. आता वीस बसतात, तरी वीस करू नयेत. मूल कुठवर आले ते विसरते. भिरभिऱ्याला दहा पुरतात.

चित्रातल्या खुणांसाठी नवा शोध लावायची गरज नाही. जपानचे ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांनी 1950 च्या दशकात घड्या दाखवण्याची रेषांची भाषा घडवली आणि अमेरिकन लेखक सॅम्युअल रँडलेट यांनी 1960 च्या दशकात ती पुढे नेली. आज जगभरच्या घडीकामाच्या पुस्तकांत तीच चालते. तुटक रेषा म्हणजे आत जाणारी घडी, तुटक रेषेत मधे मधे टिंबे असली तर बाहेर येणारी घडी, आणि बाण म्हणजे कागद कुठून कुठे जातो ती दिशा. मुलांच्या कॅरोसेलला यातली तुटक रेषा आणि बाण एवढेच पुरे. त्यात कापायच्या जागी सलग ठळक रेषा आणि तिच्या टोकाला कात्रीचे छोटे चित्र जोडावे. एकदा ठरवलेली खूण शेवटपर्यंत बदलू नये. चौथ्या स्लाइडवर तुटक रेषा घडीची आणि सहावीवर तीच कापण्याची असेल, तर मूल घडीवर कात्री चालवते, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

चौथी स्लाइड चौरसाची. ए-फोर कागद मधोमध दुमडून कापला की दोन तुकडे होतात. एक बाजूला ठेवायचा. दुसऱ्याचा एक वरचा कोपरा तिरका खाली आणून बाजूच्या कडेशी जुळवायचा, खाली उरलेली पट्टी कापायची, उघडायचे. झाला चौरस, पट्टी न लावता. यात हालचाली दोन-तीन आहेत, म्हणून अगदी लहान मुलांसाठी ही स्लाइड ‘14.8 सेंमीचा चौरस कापून द्या’ अशी मोठ्यांच्या खात्यात टाकली तरी चालेल.

पाचव्या स्लाइडवर दोन्ही कर्णांच्या घड्या. एक आधीच पडलेली असते, दुसरी घालायची. घड्या जिथे मिळतात तो मध्य. त्यावर झाकण ठेवून पेन्सिलीने गोल काढायचा. झाकण 4 सेंमीचे असेल तर मध्यापासून 2 सेंमीवर कापाची हद्द येते आणि प्रत्येक काप साडेआठ सेंमीचा होतो. मुलाला हे आकडे सांगायचे नाहीत. त्याला सांगायचे, ‘कात्री गोलात शिरता कामा नये’. मोजून थांबण्यापेक्षा दिसणाऱ्या रेषेशी थांबणे लहान हाताला जमते.

याच स्लाइडवर आणखी एक गोष्ट करून घ्यायची आणि ती फार मोलाची आहे. कापण्याआधी प्रत्येक कोपऱ्यात, घडीच्या उजव्या अंगाला, एक ठिपका द्यायचा. चार कोपरे, चार ठिपके. कागद फिरवत फिरवत प्रत्येक कोपरा आपल्यासमोर घ्यायचा आणि उजवीकडे ठिपका द्यायचा, म्हणजे चुकत नाही.

ठिपक्याचे महत्त्व पुढे कळते. भिरभिऱ्याची कृती दाखवणारी चित्रे एका सात वर्षांच्या मुलीपुढे ठेवली होती, ठिपक्यांशिवायची. तिने काप सुरेख दिले. मग आठ टोके तिच्यासमोर पसरली. चित्रात चार टोके मध्यावर होती. तिने पहिले टोक उचलले, मध्यावर धरले, मग अगदी शेजारचे उचलले. कारण तेच हाताशी होते. एकाच पाकळीची दोन्ही टोके मध्यावर आली आणि पाकळीची टोपी झाली. ती चित्राकडे पाहत होती, कागदाकडे पाहत होती, आणि दोन्हींत चार टोके मध्यावर होती, त्यामुळे कुठे फरक पडला ते तिला दिसेना. ठिपके काढून दिल्यावर तिला काही सांगावे लागले नाही; ठिपकेवाली टोके गोळा करायची एवढेच तिने केले. ‘एकाआड एक टोक’ हे शब्द मोठ्यांना सोपे वाटतात, पण मुलाला आधी टोके मोजावी लागतात, मग एक सोडावे लागते, आणि कागद हातात फिरला की मोजणी पुसली जाते. ठिपका कागदाबरोबर फिरतो.

सहावी स्लाइड कापण्याची. ठळक रेषा, कात्रीचे चित्र, आणि एक ओळ: ‘कात्री सरळ ठेवा, कागद फिरवा’. काप गोलापलीकडे गेला तर कागद मध्यात फाटतो आणि टाचणी धरायला काही उरत नाही. थोडासा गेला असेल तर मागून चिकटपट्टीचा तुकडा लावून चालते, आणि हे स्लाइडवर लिहून ठेवावे म्हणजे मूल सगळे टाकून देत नाही. फोटो काढताना कॅमेरा मुलाच्या खांद्यावरून असावा, मुलाला दिसते त्याच बाजूने. समोरून काढलेल्या फोटोत डावे-उजवे उलटते. पाचवीपासून सातवीपर्यंत कागदाची ठेवणही तीच असावी. फोटो चांगला यावा म्हणून मधेच कागद वळवला की मूल आधी तो वळवण्यातच गुंतते.

सातव्या स्लाइडवर ठिपक्याची टोके मध्यावर येतात. प्रत्येक टोकाखाली डिंकाचा थेंब, बोटाने वीस मोजेपर्यंत धरायचे, मग पुढचे. इथे ठळक अक्षरांत: ‘वाकवा, घडी दाबू नका’. शेजारी दोन छोटी चित्रे बाजूने घेतलेली असावीत, एकात पाकळी फुगलेली आणि दुसऱ्यात चपटी. चपट्यावर फुली. समोरून काढलेल्या फोटोत हा फरक दिसत नाही, आणि भिरभिरी न फिरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते, म्हणून या स्लाइडला दोन कोन द्यायला हरकत नाही. डिंकाने टोके बसवली की मुलाचे काम इथे पुरे होते. टोके हाताने धरून ठेवायला सांगितली असती, तर मोठ्यांची टाचणी मुलाच्या बोटांमध्येच घुसवावी लागली असती. डिंक वाळायला दहा मिनिटे द्यायची आणि तेवढ्यात पुठ्ठ्याची चकती रंगवायची.

आठवी आणि नववी स्लाइड मोठ्यांची. त्यांची पार्श्वभूमी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची हवी, गडद नारिंगी म्हणा. वर पट्टीत ‘हे मोठ्यांनी करायचे’. तिसऱ्या स्लाइडवर सांगून झाले असले तरी इथे पुन्हा सांगायचे. आपल्याकडे पोस्ट तिथल्या तिथे राहत नाही. कोणीतरी एका स्लाइडचा स्क्रीनशॉट काढते, तो घराण्याच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर जातो, आणि आठवी स्लाइड तिसरीची साथ सोडून एकटी फिरते. ज्या स्लाइडवर धोका आहे त्याच स्लाइडवर सावधगिरी असली तरच ती दोघे एकत्र प्रवास करतात. याच कारणासाठी प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ‘8/10’ असा आकडा असावा. चित्रे सुटी झाली तरी क्रम लावता येतो आणि आपल्याकडे काय नाही तेही कळते.

आठवीचे काम भोकाचे. टाचणी मध्यात घुसवायची आणि पाच-सहा वेळा गोल फिरवून भोक थोडे मोठे करायचे. मग टाचणीवर आधी पुठ्ठ्याची चकती, मग समोरून कागद, मग मागे मणी. चकतीमुळे टाचणीचे डोके कागदातून निसटत नाही. मणी कागदाला पेन्सिलीपासून चार-पाच मिलिमीटर दूर ठेवतो, नाहीतर पाकळ्या लाकडाला घासतात. ‘आता बोटाने टिचकी मारून पाहा’ असे सांगायला इथे विसरू नये. टाचणी आडवी धरून टिचकी मारली की चाकाने दोन-तीन फेरे घ्यायला हवेत. खोडरबरात घुसवल्यावर दोष शोधण्यापेक्षा आताच कळलेले बरे.

नववीत टाचणी खोडरबरात आडवी, बरोबर मधोमध. कडेला घातली तर रबर चिरते. बहुतेक टाचण्या इतक्या लांब असतात की टोक पलीकडून काही मिलिमीटर बाहेर येते. ते पक्कडीने खाली वाकवायचे आणि खोडरबराभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे. या स्लाइडच्या फोटोत टोक वाकवलेले जवळून दिसले पाहिजे. तयार झाले की मोठ्यांनी पट्टीवरून आपले बोट फिरवून पाहावे; काही टोचले तर आणखी एक वेढा.

दहावी स्लाइड ‘फिरत नाही?’ अशी. कॅरोसेलच्या शेवटी हल्ली लाइक करा, शेअर करा असे मागणे असते. ती जागा मी दुरुस्तीला देतो, कारण अर्धा तास खपलेल्या मुलाच्या हातात थांबलेले चाक असेल तर त्याला त्या क्षणी तीच हवी असते. चाक अजिबात हलत नसेल तर भोक घट्ट आहे, टाचणी पुन्हा फिरवा. हलून अडकत असेल तर मागे पाहा, पाकळी पेन्सिलीला घासते आहे. आणखी एक चकती घाला. मोकळे आहे पण वाऱ्यात नुसते थरथरते, तर पाकळ्या चपट्या झाल्या आहेत. आत पेन्सिल घालून त्या पुन्हा फुगवा. आणि तोंड वाऱ्याकडे धरा. बाजूने वारा लागला तर चांगले भिरभिरेही सुस्त चालते.

अक्षरांविषयी थोडके. कॅरोसेलचे चित्र सहसा 1080 बाय 1350 पिक्सेलचे करतात आणि सगळ्या स्लाइड एकाच मापाच्या ठेवतात. फोनच्या पडद्यावर ते 1080 पिक्सेल साधारण सात सेंटीमीटरांत येतात. म्हणजे 40 पिक्सेल उंचीचे अक्षर पडद्यावर अडीच मिलिमीटरांचे होते. त्याखाली जाऊ नये, कारण फोन टेबलावर ठेवलेला असतो आणि वाचणारे आजोबा हातभर अंतरावर असतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत जास्त जागा सोडावी. काही डिझाइनच्या अॅपमध्ये जोडाक्षरे तुटतात किंवा रफार भलतीकडे जातो. चित्र साठवून फोनवर उघडून शब्दन् शब्द वाचून पाहावा.

अशी कामे करणाऱ्याने अरविंद गुप्ता यांची खेळणी जरूर पाहावीत. आयआयटी कानपूरमधून शिकून बाहेर पडलेल्या या माणसाने पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात बसून टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांसमोर ठेवली आणि ती सगळी फुकट वाटली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी साध्या चित्रांतून कळतात, त्यांना लागणारे सामान घरात सापडते, आणि खेळणे चालते की नाही हा निकाल मुलाच्या हातातच लागतो.

कॅरोसेल पोस्ट करण्याआधी एक काम करा. दहाही स्लाइड फोनवर घेऊन जे मूल ही वस्तू पहिल्यांदाच करते आहे त्याच्यासमोर ठेवा, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. ते जिथे थांबेल, मागे सरकवेल किंवा तुमच्याकडे पाहील, तो स्लाइडचा आकडा लिहून घ्या आणि ती स्लाइड बदला. टाचणीच्या वेळी मात्र बोला, आणि टाचणी तुमच्याच हातात असू द्या.